311 मधल्या काकू आणि पहाटेची नोट

रोज पहाटे पाचच्या आसपास मी एक पान लिहितो. सकाळी सातला मॅडम येतात, चहा हातात घेऊन उभ्याउभ्याच ते पान वाचतात आणि मग दिवस सुरू होतो. नाशिकमधलं बेचाळीस खोल्यांचं हॉटेल आहे आमचं, खाली बँक्वेट हॉल, मागे लॉन, म्हणजे मोसमात लग्नंच लग्नं. मी नाईट ऑडिटर. रात्री अकरा ते सकाळी सात. लोकांना वाटतं रिसेप्शनवर रात्री बसून असतो, कोणी आलं तर चावी द्यायची. खरं काम असतं दिवस बंद करायचं, म्हणजे कालच्या तारखेचे सगळे हिशोब जुळवायचे, खोल्यांची भाडी टॅक्ससकट प्रत्येकाच्या बिलावर चढवायची आणि मग सिस्टिमची तारीख पुढे ढकलायची. घड्याळात बारा वाजले म्हणून हॉटेलची तारीख बदलत नाही, आम्ही बदलू तेव्हा बदलते, बहुतेक रात्री अडीचच्या सुमारास. आणि एकदा बदलली की कालचे रिपोर्ट गोठले, मग जी काही दुरुस्ती असेल ती आजच्या तारखेत दिसणार. म्हणून जे शोधायचं ते बदलायच्या आधी शोधायचं.

त्या पानावर तीन कप्पे छापलेलेच आहेत. नो-शो, रूम चेंज, कॅश डिफरन्स. बरीच वर्षं मी ते कप्पे भरत गेलो, कप्प्यात आकडा टाकला की झालं. मागच्या डिसेंबरमधल्या एका शनिवारी रात्री माझं हे भरणं बदललं, त्याबद्दल लिहायचंय.

त्या दिवशी खाली मोठं लग्न होतं, हॉटेल जवळपास फुल. मी अकराला आलो तेव्हा संध्याकाळच्या शिफ्टचा पोरगा अक्षरशः घामाघूम. नवीन आहे, प्रामाणिक आहे, हात जरा घाईचा. त्याने पाकीट दिलं, पाकिटावर नोटांची चिठ्ठी लावलेली, आणि म्हणाला, दादा कॅश 2,460 जास्त येतीये, तीनदा मोजली, मला कळत नाहीये, आणि माझी गाडी खाली थांबलीय. नियमाने आम्ही दोघांनी मिळून कारण शोधायला हवं होतं. मी त्याच्यासमोर फक्त पैसे मोजून घेतले, चिठ्ठीवर दोघांच्या सह्या केल्या आणि त्याला सोडलं. जास्त येतीये म्हणल्यावर माझ्याही मनाला तेवढी घाई वाटली नाही, हे खरं. कमी आली असती तर त्याला थांबवलं असतं.

आधी अरायव्हल लिस्ट काढली. चौदा बुकिंगपैकी तीन आले नव्हते. आता नो-शो म्हणजे काय तर बुकिंग होतं, रद्द केलं नाही, आणि माणूस आला नाही. सिस्टिममध्ये त्यावर एक क्लिक असते. पण ती क्लिक करण्याआधी बघावं लागतं की बुकिंग कोणत्या प्रकारचं आहे, कारण ज्या बुकिंगची पैशाची हमी नाही ते आम्ही संध्याकाळी सहापर्यंतच धरून ठेवतो, आणि ज्याची हमी आहे, म्हणजे कार्ड, आगाऊ पैसे किंवा कंपनीचं पत्र, त्या माणसाची खोली रात्रभर त्याचीच असते. तो पहाटे चारला आला तरी त्याला खोली द्यावीच लागते.

तिघांपैकी पहिला कंपनीच्या पत्रावरचा पाहुणा, मुंबईहून गाडीने येणारा, फोन बंद. घाटात रेंज जाते, बॅटरी संपते, कितीतरी कारणं. त्याला हात लावला नाही. दुसरं बुकिंग एका ट्रॅव्हल साईटवरून, पैसे आधीच भरलेले, रद्द केलं तर परत मिळणार नाहीत असं. तीन वेळा फोन केला, वाजला, उचलला नाही. हे सरळ नो-शो. यात दोन गोष्टी कराव्या लागतात, पैसे ठेवून घेतले तरी त्यावर जीएसटी लावून बिल करायचं (ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकाप्रमाणे रद्द झालेल्या बुकिंगचे ठेवून घेतलेले पैसे खोलीच्याच दराने टॅक्सेबल धरतात), आणि साईटच्या पॅनलवर त्यांच्या मुदतीत काय झालं ते नोंदवायचं. ती मुदत चुकली की महिनाअखेरीला कमिशनचा हिशोब जुळत नाही आणि मग ते निस्तरत बसावं लागतं.

तिसरं बुकिंग. तेही साईटवरचं, पण पैसे हॉटेलवर द्यायचे, कार्डचा नंबर हमी म्हणून दिलेला. एक व्यक्ती, दोन रात्री, 2,900 रुपये भाडं अधिक टॅक्स. पुरुषाचं नाव, फोन पुण्याचा असावा असं पत्त्यावरून वाटत होतं. वेळ झाली होती बारा वीस. इतक्या रात्री फोन करायचा की नाही हा प्रश्न मला दरवेळी पडतो, पण दोन रात्रींचं बुकिंग नो-शो केलं तर सिस्टिम पहिल्या रात्रीसोबत दुसरी रात्रही सोडून देते, आणि लग्नाच्या मोसमात रविवारची सुटलेली खोली सकाळी आठपर्यंत कुणीतरी विकून टाकतं. मग तो माणूस दुपारी आला तर त्याला सांगायला तोंड नसतं. म्हणून केला.

पहिल्याच रिंगला उचलला. मी नाव सांगितलं, हॉटेल सांगितलं, विचारलं, आपलं आजचं बुकिंग होतं, आपण येताय का. पलीकडे एकदम शांतता आणि मग घाबरलेला आवाज. "अहो, आई तुमच्याकडेच आहे ना? तिने नऊ वाजता मला फोन केला, म्हणाली खोली मिळाली, झोपते आता."

मी त्यांना म्हणलं थांबा, फोन चालू ठेवा. इन-हाउस लिस्टमध्ये त्याच आडनावाने शोधलं. 311. एकटी बाई, वय 67, वॉक-इन. म्हणजे बुकिंग नसताना थेट आलेली. त्यांना सांगितलं, हो, आहेत, व्यवस्थित आहेत, आमच्याकडून नोंद वेगळ्या नावाने झालीय, काळजी करू नका. त्यांनी सुटकेचा श्वास टाकला तो मला फोनवर ऐकू आला.

काय झालं असणार ते माझ्या डोळ्यासमोर आलंच. संध्याकाळी सहा सात वाजता, वऱ्हाडाची बस आलेली, काउंटरवर पंधरा माणसं, त्यात काकू. पोराने विचारलं असेल, बुकिंग आहे का, त्या म्हणाल्या असतील मुलाने केलंय, याने काकूंचं नाव टाकून बघितलं, सापडलं नाही, मागून कुणीतरी ओरडत होतं, यानं वॉक-इन करून टाकलं, 3,200 च्या दराने, एका रात्रीसाठी. वर 5 टक्के जीएसटी, 3,360 रुपये कॅश घेतली. (साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के झालाय, आधी 12 होता, त्यामुळे हल्ली आकडे बघून पटकन ओळखता येतं की कुठली रक्कम खोलीभाड्याची आहे.)

आता यात बघा किती गोष्टी एकदम चुकत होत्या. काकू 300 रुपये जास्त भाड्यावर आणि एकाच रात्रीच्या नोंदीवर झोपलेल्या. त्यांच्यासाठी केलेलं खरं बुकिंग नो-शोच्या यादीत. मी जर फोन न करता क्लिक केली असती तर मुलाच्या कार्डावर नो-शोचा एका रात्रीचा चार्ज गेला असता, म्हणजे एका मुक्कामाचे दोनदा पैसे, आणि उद्या दुपारी काकूंना कुणीतरी सांगितलं असतं की तुमची खोली आजच खाली करायची आहे.

तेव्हापासून माझी एक सवय झालीय. नो-शो करण्याआधी आजच्या वॉक-इनची यादी बाजूला घेऊन बसतो, तीन गोष्टी बघतो, आडनाव, किती माणसं, आणि साधारण कुठून आलेत. फोन नंबर जुळेलच असं नाही, कारण बुकिंग करणारा एक आणि येणारा दुसरा, आपल्याकडे तर आईवडिलांची बुकिंगं मुलंच करतात. ज्या दिवशी वॉक-इन जास्त आणि नो-शोही जास्त, त्या दिवशी त्यातले एकदोन एकच माणूस असण्याची शक्यता बरीच असते.

मग मी रूम चेंजच्या कप्प्याकडे वळलो. त्या रात्री पोराने तिथे काहीच लिहिलं नव्हतं. कोरा. पण 311 उघडली तर काकूंची चेक-इन वेळ रात्री 8:52, आणि मुलगा तर म्हणत होता आई सातलाच पोचली. मग मी दिवसभराच्या चेक-आउटची यादी बघितली, तर 204, चेक-इन 6:40, चेक-आउट 8:47, तेच नाव. दोन तासांत कोण राहून जातं? म्हणजे काकूंना आधी 204 दिली होती. 204 बँक्वेटच्या बरोबर वर येते, डीजेचा दणदणाट थेट गादीत जाणवतो, दहाला बंद होतो पण तोपर्यंत 67 वर्षांच्या बाईने काय करायचं. त्यांनी खाली येऊन सांगितलं असणार, पोराने 311 दिली. चांगलं केलं. फक्त सिस्टिममध्ये रूम मूव्ह करायच्या ऐवजी 204 चेक-आउट केली आणि 311 ला नव्याने चेक-इन केलं.

बाहेरच्या माणसाला वाटेल यात काय एवढं, काकू तर योग्य खोलीत आहेत. फरक असा आहे की रूम मूव्ह केली की त्या माणसाचं सगळं खातं नव्या खोलीत सोबत जातं, दिलेले पैसे, रेस्टॉरंटची बिलं, वेक-अप कॉल, ड्रायव्हरचा निरोप, सगळं. चेक-आउट करून परत चेक-इन केलं की हे सगळं जुन्या खोलीच्या बंद झालेल्या खात्यात अडकून राहतं आणि नव्या खोलीत माणूस कोऱ्या पाटीने येतो. मी वेक-अपचं रजिस्टर उघडलं. 204, पहाटे 5 वाजता, शेरा होता त्र्यंबकेश्वर, गाडी 5:45. म्हणजे पहाटे पाचला रिकाम्या 204 मध्ये फोन वाजत राहिला असता आणि काकू 311 मध्ये झोपून राहिल्या असत्या, बाकीची मंडळी त्र्यंबकला निघून.

रात्रीच्या हाउसकीपिंगच्या मामांना म्हणलं, जरा 204 बघून या. सिस्टिम खोली साफ न झालेली दाखवत होती, अजून कुणी हात लावला नव्हता ते बरं. मामा पाच मिनिटांत आले, हातात एक छोटी प्लास्टिकची डबी. फ्रिजमध्ये होती. इन्सुलिन. वरती तिसऱ्या मजल्यावर सामान नेताना बॅगा नेल्या, फ्रिज कुणी उघडला नाही. मी ती डबी आमच्या पॅन्ट्रीच्या फ्रिजमध्ये ठेवली, वर कागद चिकटवला, 311, पहाटे 5 ला द्यायची. त्याक्षणी मला काकूंना उठवावंसं वाटलं होतं, मग म्हणलं रात्रीचा डोस झाला असेल की नाही हे विचारायला हवं, म्हणून परत मुलाला फोन केला, त्यांनी सांगितलं आई सकाळी नाश्त्याआधीच घेते, रात्री नाही. मग नाही उठवलं.

रूम चेंजच्या कप्प्यात म्हणून आता मी नुसतं "204 ते 311" लिहीत नाही. कारण लिहितो, किती वाजता झालं लिहितो, जुनी खोली कुणी आतून बघितली का ते लिहितो आणि जुन्या खोलीच्या नावावर अजून काय काय उरलंय ते लिहितो. कारणसुद्धा महत्त्वाचं असतं, कारण 204 मधून आवाजासाठी माणूस हलवला हे तीन शनिवार सलग लिहिलं गेलं तर मॅडम चौथ्या शनिवारी ती खोली वयस्कर माणसाला देणारच नाहीत. आणि एक, आगीच्या वेळी बाहेर काढायच्या माणसांची यादी आम्ही रोज रात्री छापून काउंटरखाली ठेवतो, ती याच नोंदींवरून निघते. खोली चुकीची असेल तर माणूस चुकीच्या दारावर शोधला जाणार.

आता कॅश. इथे मला जरा मागे जायचंय.

मी या लाईनला नवीन होतो तेव्हा, दुसऱ्या एका हॉटेलात, एका रात्री 500 रुपये कमी आले. तासभर शोधलं, सापडेना, मला भीती वाटली की सकाळी मला चोर समजतील. मी खिशातले 500 टाकले आणि नोटमध्ये लिहिलं, कॅश टॅली. चार दिवसांनी एक गेस्ट फोनवर भांडायला लागला की मी यूपीआयने 500 भरले होते, माझ्या खात्यातून गेलेत, तरी तुम्ही चेक-आउटला परत घेतले. खरंच गेले होते. कुणीतरी ती यूपीआयची रक्कम सिस्टिममध्ये दुसऱ्याच बिलावर कॅश म्हणून टाकली होती, म्हणून गल्ल्यात 500 कमी दिसत होते आणि बँकेत 500 जास्त आलेले. मी खिशातले पैसे टाकून तो एकमेव धागा तोडून टाकला होता. अकाउंट्सवाले म्हणाले त्या दिवशीची कॅश तर बरोबर आहे, म्हणजे गेस्टच खोटं बोलतोय. त्या माणसाला आम्ही खोटं पाडलं. मी तेव्हा बोललो नाही. नंतर बोललो, पण तो माणूस गेला होता. अजून आठवलं की पोटात कसंतरी होतं.

म्हणून आता फरक आला की तो जसा आहे तसा लिहितो, आणि जास्त आलेल्या पैशाला कमीइतकाच घाबरतो. कमी म्हणजे हॉटेलचे पैसे गेले असतील. जास्त म्हणजे बहुतेक वेळा कुणातरी गेस्टचे पैसे आपल्याकडे आहेत आणि त्याच्या बिलावर ते दिसत नाहीयेत, सकाळी त्याच्याकडून परत मागितले जाणार.

त्या रात्रीचा हिशोब असा होता. सुरुवातीची सुटी रक्कम, आम्ही फ्लोट म्हणतो, 5,000. सिस्टिमप्रमाणे कॅश जमा 38,740. कॅश रिफंड 3,360. पेड-आउट, म्हणजे गेस्टच्या वतीने आपण गल्ल्यातून दिलेले, 1,250. म्हणजे गल्ल्यात असायला हवेत 39,130. मोजले तर 41,590. फरक 2,460 जास्त.

2,460 हा आकडा कुठल्याच बिलाशी जुळत नव्हता, आणि तीच खूण होती. एकच चूक असेल तर फरकाचा आकडा बहुतेक कुठेतरी जसाच्या तसा सापडतो. नाही सापडला तर दोन चुका एकमेकींत मिसळल्यात असं धरून चालायचं. पहिली तर समोरच होती, 3,360 चा रिफंड. 204 च्या खात्यावर. काकूंनी पैसे भरलेले असल्यामुळे सिस्टिम 204 चेक-आउट होऊ देत नव्हती, शिल्लक शून्य लागते, म्हणून पोराने कॅश रिफंड टाकून खातं शून्य केलं आणि 311 वर परत जमा करायचं विसरला. पण हा अंदाज झाला, पुरावा हवा. रिफंड दिला असेल तर व्हाउचरवर गेस्टची सही असते. व्हाउचरच्या फाईलमध्ये त्या दिवशीचं रिफंड व्हाउचर एकही नव्हतं. पावती पुस्तकात काकूंची एकच पावती, संध्याकाळी 6:45 ची. म्हणजे पैसे एकदाच आले, बाहेर गेलेच नाहीत. तरी मी पोराला फोन केला, झोपेतून उठला बिचारा, म्हणाला, हो दादा, सिस्टिम सोडत नव्हती म्हणून टाकलं, काकूंना काही दिले नाहीत परत.

3,360 ची चूक काढली तर गल्ला 2,460 जास्तच्या ऐवजी 900 कमी होतो. आणि 900 दिसलं की माझा हात आपोआप कॅल्क्युलेटरकडे जातो. 900 ला 9 ने भाग जातो. दोन आकडे लिहिताना उलटे पडले, 45 च्या जागी 54, की येणारा फरक नेहमी 9 च्या पाढ्यातला असतो. जुन्या मुनीमांपासून चालत आलेली युक्ती आहे ही, दरवेळी लागू पडतेच असं नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते सांगते. फरक 900 म्हणजे हजार आणि शंभराच्या जागा अदलाबदल, आणि ते दोन आकडे लागोपाठचे. जमेच्या पावत्या चाळल्या, सगळ्या बरोबर. पेड-आउटचं एकच व्हाउचर होतं, 108 च्या गेस्टसाठी शिर्डीच्या टॅक्सीवाल्याला दिलेले, ड्रायव्हरची सही, रक्कम 2,150. सिस्टिममध्ये 1,250.

झालं. 3,360 जास्त, 900 कमी, मिळून 2,460. रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती, काउंटरवर मी एकटाच होतो, आणि एवढं हलकं वाटलं.

पण सापडणं वेगळं आणि बदलणं वेगळं. दुसऱ्याच्या शिफ्टचे आकडे मी परस्पर सरळ करून ठेवले तर सकाळी कुणालाच काही कळणार नाही की काय झालं होतं, तेच जे मी 500 रुपयांच्या वेळी केलं. आमच्याकडे ठरलेलं असं आहे की ज्या गोष्टीत गेस्ट मॅडम यायच्या आधी निघून जाणार किंवा त्याचं नुकसान होणार ती मी दुरुस्त करायची, नवी नोंद टाकून, जुनी न पुसता, कारण लिहून. बाकीचं तसंच ठेवायचं. 108 चा गेस्ट साडेसहाला निघणार होता, म्हणून त्याच्या बिलावर उरलेले 900 व्हाउचर नंबर घालून चढवले, आणि तो खाली येईल तेव्हा सहीचं व्हाउचर दाखवायला बाहेर काढून ठेवलं. काकूंचं 311 चं वॉक-इन चेक-इन उलटवलं, त्याच दिवसात करता येतं, तारीख पुढे गेल्यावर येत नाही, आणि त्यांच्या मुलाचं बुकिंग 311 वर चेक-इन केलं, काकूंचं नाव सोबत जोडून, ठरलेल्या 2,900 च्या दराने, दोन रात्री. त्यावर 3,360 कॅश जमा टाकली, शेऱ्यात जुन्या पावतीचा नंबर. दोन रात्रींचे टॅक्स धरून 6,090 होतात, म्हणजे त्यांच्याकडून यायचे राहिले 2,730. पोराने टाकलेला खोटा रिफंड मात्र तसाच ठेवला, तो 204 च्या खात्यावर दिसू दे.

तारीख मी त्या रात्री साडेतीनला बदलली. थांबलो ते कंपनीच्या पाहुण्यासाठी. तो तीन दहाला आला, दमलेला, म्हणाला फोन बंद पडला आणि कसाऱ्याला दोन तास अडकलो. चावी दिली, पाणी दिलं. अडीचला त्याला नो-शो करून तारीख पुढे ढकलली असती तर कालच्या रात्रीचं भाडं हाताने चढवत बसावं लागलं असतं आणि त्याच्या कंपनीच्या बिलात तारखा विचित्र दिसल्या असत्या.

मग नोट लिहायला बसलो. कप्पे समोर होते. नो-शोमध्ये एक लिहायचं, रूम चेंजमध्ये एक, कॅशमध्ये 2,460, सगळं खरं असतं, पण मॅडमना त्यातून हे कळलंच नसतं की तिन्ही कप्प्यांत एकच बाई उभी आहे. म्हणून मी छापील कप्पे सोडले आणि पानाच्या मागच्या बाजूला लिहिलं. ते पान मी नंतर मॅडमना विचारून फोटो काढून ठेवलं, म्हणून जसंच्या तसं देतोय.

"मॅडम, शुभ सकाळ.

आधी 311. या काकू कालच्या नो-शो लिस्टमधल्या साईट बुकिंगच्याच आहेत, बुकिंग मुलाच्या नावाने होतं, संध्याकाळी वॉक-इन म्हणून घेतलं गेलं. मुलाशी रात्री 12:20 ला बोललो. नो-शो केलेलं नाही. दोन रात्री आहेत, 311 आज विकू नये. दर बुकिंगचा 2,900 लावलाय, आलेले 3,360 जमा आहेत, बाकी 2,730. काकूंना आपली चूक अजून सांगितलेली नाही, त्या त्र्यंबकहून दुपारी येतील तेव्हा तुम्ही सांगाल तर बरं.

त्यांना 204 मधून 311 मध्ये 8:50 ला हलवलं, कारण डीजेचा आवाज. रूम मूव्ह न करता चेक-आउट चेक-इन झालं. 204 मामांनी बघितली, फ्रिजमध्ये इन्सुलिन होतं, पॅन्ट्रीत ठेवलंय. वेक-अप 204 वर होता, 311 वर घेतला.

कॅश 2,460 जास्त होती. कारण 1, 204 वर 3,360 चा रिफंड टाकलाय, प्रत्यक्षात दिलेला नाही, सहीचं व्हाउचर नाही. 311 वर जमा मी केली. कारण 2, 108 च्या टॅक्सीचे 2,150 दिले, सिस्टिममध्ये 1,250 पडले. 900 मी चढवले, गेस्ट 6:30 ला जातोय म्हणून. दोन्ही दुरुस्त्यांनंतर फरक शून्य. रिफंडची नोंद पुसलेली नाही, तुम्ही बघून सही करा.

खरा नो-शो एकच, साईटवरचं आधी पैसे भरलेलं. तीन फोन, उत्तर नाही. साईटवर नोंद करायची बाकी आहे, माझ्याकडे पॅनलचा पासवर्ड नाही.

संध्याकाळच्या मुलाने फरक लपवला नाही, स्वतः लिहून दिला. त्याला रूम मूव्ह एकदा दाखवायला हवं. मी पण त्याला थांबवून शोधायला हवं होतं, घाईत सोडलं."

शेवटची दोन वाक्यं लिहावीत की नाही यावर मी थोडा वेळ पेन धरून बसलो होतो. पण नोट वाचून सकाळी पहिला प्रश्न हाच येतो की हे कुणी केलं, आणि तेव्हा मी घरी झोपलेला असतो, पोरगा दुपारी येतो, मधले सहा सात तास त्याच्याबद्दल कुणी काहीही समजू शकतं. त्याने 2,460 जास्तचे आहेत हे स्वतः सांगितलं होतं. जास्तीचे पैसे कुणी सांगत नाही सहसा. ते पानावर असायला हवं होतं.

पाच वाजता फोन न लावता मी स्वतः 311 वर गेलो, डबी घेऊन. दार वाजवलं. काकू जाग्याच होत्या, आंघोळ झालेली, लुगड्याच्या निऱ्या सारख्या करत दार उघडलं. डबी बघून म्हणाल्या, अगंबाई, ही कुठे होती, मी बॅगेत शोधत होते मघापासून. मी म्हणलं खालच्या खोलीत राहिली होती काकू. त्या म्हणाल्या, रात्रीच्या त्या मुलाला सांगा हं, खोली बदलून दिली म्हणून झोप लागली मला. गाडी पावणेसहाला गेली.

108 चा गेस्ट साडेसहाला खाली आला, 900 चं विचारलं, मी ड्रायव्हरच्या सहीचं व्हाउचर पुढे केलं, त्याने बघितलं आणि पैसे दिले.

सातला मॅडम आल्या. चहा, उभ्याउभ्या वाचन. पान उलटून मागची बाजूही वाचली, मग खुर्चीत बसून परत पहिल्यापासून वाचली. रिफंडच्या नोंदीवर सही केली. साईटचं पॅनल उघडून नो-शो टाकला. मला विचारलं, इन्सुलिन मिळालं ना त्यांना? म्हणलं, पाचला हातात दिलं. मग त्यांनी दुपारच्या शिफ्टच्या पानावर वरती लिहिलं, 3 वाजता रूम मूव्हचं ट्रेनिंग, आणि खाली काकूंची परतीची वेळ लिहून घेतली.